असाइनमेंटला सहा तास दिलेत, ते नेमके कुठे घालवायचे?

प्रश्न: डेटा अ‍ॅनालिस्टच्या जागेसाठी एका कंपनीने घरी करायची असाइनमेंट पाठवली आहे. सहा महिन्यांच्या ऑर्डरची एक सीएसव्ही फाइल आहे आणि ‘ग्राहकांचं पुन्हा ऑर्डर करण्याचं प्रमाण घसरतंय, कारण शोधा आणि उपाय सुचवा’ एवढंच विचारलंय. ‘पाच-सहा तास लागतील’ म्हणतात, मुदत सोमवारी सकाळी दहाची. मी कल्याणहून अंधेरीला नोकरीला जाते, हातात फक्त शनिवार-रविवार आहे. किती वेळ द्यावा आणि शेवटी काय पाठवावं?

उत्तर:

सहा तास म्हटलेत तर सहाच द्या, आणि त्यातले दोन लिहिण्यासाठी राखून ठेवा. मीही अंधेरीतच एका कंपनीच्या अ‍ॅनालिटिक्स टीममध्ये आहे आणि उमेदवारांच्या असाइनमेंट तपासणं माझ्याकडे असतं. अख्खा वीकेंड घालून केलेलं काम बघितल्याबरोबर कळतं. चौदा चार्ट, एक मॉडेल, रंगीत डॅशबोर्ड, आणि ‘प्रमाण का घसरलं?’ याचं उत्तर बाराव्या पानावर. तपासणारा तिथपर्यंत पोचतच नाही. पोचला तर मुलाखतीत त्या चौदाही चार्टबद्दल विचारू शकतो, हे वेगळंच.

पहिला पाऊण तास शनिवारची वाट न बघता आजच रात्री काढा. असाइनमेंटचं दीड पान घाटकोपर येईपर्यंत लोकलमध्ये उभ्या उभ्याही वाचून होतं, पण फाइल मात्र घरी लॅपटॉपवर उघडा. विश्लेषण अजिबात करू नका. किती ओळी आहेत, पहिली आणि शेवटची तारीख कोणती, रिकाम्या जागा कुठे आहेत, `status` मध्ये काय काय लिहिलंय आणि एकच `order_id` दोनदा येतो का, एवढंच बघा. मग एचआरला एक मेल टाका. आज टाकलेल्या मेलला शुक्रवारी उत्तर येऊ शकतं, शनिवारी टाकलेल्याला सोमवारशिवाय येणार नाही.

त्या मेलमध्ये दोनच गोष्टी असाव्यात. पहिली: ‘पुन्हा ऑर्डर म्हणजे पहिल्या ऑर्डरनंतर ३० दिवसांत दुसरी, असं मी धरते आहे. तुमची व्याख्या वेगळी असेल तर कळवा.’ दुसरी: ‘ग्राहकाने कंपनीकडे सर्वांत पहिली ऑर्डर कधी केली, ती तारीख मिळेल का?’ शेवटी एक ओळ: ‘उत्तर नाही आलं तर मी हीच गृहीतकं धरून पुढे जाईन आणि तसं अहवालात लिहीन.’ म्हणजे तुमचं काम कुणाच्या उत्तरासाठी अडत नाही. दुसरा प्रश्न किरकोळ वाटेल, पण अशा असाइनमेंटचा कस बहुतेक वेळा तिथेच लागतो. तो कसा, ते एका उदाहरणाने सांगतो. धाटणी आमच्याकडच्या असाइनमेंटसारखीच आहे, आकडे माझे.

समजा फाइल १ जानेवारी ते ३० जून २०२५ची आहे. प्रत्येक ग्राहकाची फाइलमधली पहिली ऑर्डर कोणत्या महिन्यातली, त्याप्रमाणे गट पाडले आणि ३० दिवसांत किती जण परत आले ते मोजलं. जानेवारी ५२ टक्के, फेब्रुवारी ४५, मार्च ४१, एप्रिल ४०, मे ३६, जून १९. आलेख काढला की घसरगुंडी दिसते. बहुतेक उमेदवार इथेच ‘जूनमध्ये मोठी घसरण’ असं लिहून पावसाला जबाबदार धरतात.

जूनचा आकडा मुळात पूर्णच नाही. २० जूनला पहिल्यांदा आलेल्या माणसाला परत येण्यासाठी फाइलमध्ये दहाच दिवस मिळाले. पूर्ण ३० दिवस मिळालेला शेवटचा ग्राहक ३१ मेचा, कारण त्याचे ३० दिवस बरोबर ३० जूनला संपतात. म्हणून अख्खा जून बाहेर ठेवायचा.

जानेवारीची भानगड उलटी आहे. फाइल १ जानेवारीला सुरू होते, म्हणून वर्षभर दर आठवड्याला ऑर्डर करणारा जुना ग्राहकही तिथे ‘नवीन’ दिसतो. असे लोक परत येणारच, त्यामुळे जानेवारीचे ५२ फुगलेले असतात. फेब्रुवारीतही यातले थोडे शिल्लक राहतात. म्हणजे डावीकडून आकडा फुगलेला, उजवीकडून कापलेला, आणि मध्ये जी घसरण दिसते तिचा मोठा भाग फाइलच्या दोन टोकांनी तयार केलेला. पहिल्या ऑर्डरची खरी तारीख मागायची ती याचसाठी. ती मिळाली नाही तर जानेवारी-फेब्रुवारीत एकदाही न दिसलेल्यांनाच नवीन धरा आणि मार्चपासून मोजा. दोन महिन्यांहून जास्त गॅप घेऊन परतलेला जुना ग्राहक यातूनही निसटतो, ते अहवालात एका वाक्यात सांगा.

आता उरलं मार्च ४१, एप्रिल ४०, मे ३६. खरी घसरण पाच टक्के-बिंदूंची आहे, तेहतिसाची नाही. तिचं कारण शोधायला मग फार खोदावं लागत नाही. पहिली ऑर्डर कूपन लावून केली की कूपनशिवाय, असे दोन भाग करून बघा. माझ्या उदाहरणात कूपनवाले तिन्ही महिन्यांत २८ टक्केच परत येतात आणि बिनकूपनवाले ४४ टक्के. दोन्ही आकडे जागचे हलत नाहीत. हलतो तो वाटा: नव्या ग्राहकांत कूपनवाले मार्चमध्ये २० टक्के होते, एप्रिलमध्ये २५, मेमध्ये ५०. मेचा हिशेब हातानेही जमतो, २८चे निम्मे १४ आणि ४४चे निम्मे २२, मिळून ३६. कोणत्याच प्रकारचा ग्राहक कंपनीवर नाराज झालेला नाही, फक्त कमी परतणाऱ्या प्रकारचे लोक जास्त आले. खऱ्या फाइलमध्ये आकडे इतके गुळगुळीत निघणार नाहीत आणि कूपनऐवजी शहर किंवा डिलिव्हरीचा उशीर निघेल. पण गटाच्या आतला दर हलला की गटांचं प्रमाण हललं, हा प्रश्न आधी विचारायचाच.

गट पाडण्याआधी तारखांकडे जरा बघा. `created_at` मध्ये `2025-05-31T19:10:00Z` असं काही दिसलं तर तो शेवटचा `Z` म्हणजे वेळ यूटीसीतली आहे. आपल्याकडे तेव्हा १ जूनचे रात्रीचे बारा चाळीस झालेले असतात, म्हणजे ती ऑर्डर मेची नाहीच.

```python
df["created_at"] = (
    pd.to_datetime(df["created_at"], utc=True)
      .dt.tz_convert("Asia/Kolkata")
)
```

रात्री उशिरा ऑर्डर घेणाऱ्या कंपनीत याने फरक पडतो. रद्द झालेल्या ऑर्डरी काढल्या की ठेवल्या, हेही लिहा.

हे सगळं शनिवारी सकाळी सलग तीन तासांत बसतं, सव्वातीन म्हणू. त्यानंतर काहीही सुचलं तरी थांबा. सुचलेलं ‘वेळ असता तर’ या मथळ्याखाली दोन ओळींत टाका. तपासताना मी त्या ओळी आवडीने वाचतो, कारण पुढे कुठे बघायचं हे माणसाला कळतं की नाही ते तिथे दिसतं.

रविवारी दोन तास लिहायचे. मुख्य गोष्ट एका पानाची पीडीएफ. ‘प्रस्तावना’, ‘डेटाचे वर्णन’ असले मथळे नकोत, पहिल्याच ओळीत उत्तर द्या: ‘मार्च ते मे नव्या ग्राहकांचं पुन्हा ऑर्डर करण्याचं प्रमाण ४१ वरून ३६ टक्क्यांवर आलं, कारण त्यांच्यातला कूपनवाल्यांचा वाटा २० वरून ५० टक्के झाला. दोन्ही गटांचा आपापला दर बदललेला नाही.’ त्याखाली एकच आलेख, तीन महिने आणि दोन सरळ रेषा, एक ४४ वर आणि एक २८ वर, नावं रेषेच्या टोकाला लिहिलेली. जानेवारी, फेब्रुवारी आणि जून का वगळले ते आलेखाखाली दोन वाक्यांत सांगाच, कारण वाचणाऱ्याने तो १९चा आकडा आधीच बघितलेला असतो आणि तो कुठे गेला हा प्रश्न त्याच्या डोक्यात असतोच.

उपाय लिहिताना हात आखडता घ्या. ‘कूपन बंद करा’ असं या फाइलवरून म्हणता येत नाही. कूपन बघून येणारा ग्राहक मुळातच वेगळा असू शकतो, आणि २८ टक्के परतणारेही फायद्याचे असतील, कारण नफ्याचा रकाना फाइलमध्ये नाही. त्यापेक्षा एक चाचणी सुचवा: नव्या कूपनवाल्यांपैकी चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या निम्म्यांना सवलत पहिल्या ऑर्डरवर एकदम न देता पहिल्या आणि दुसऱ्या ऑर्डरवर वाटून द्यायची. २८ वरून ३३ टक्के झालेला फरक नीट ओळखायचा तर प्रत्येक गटात साधारण १,४०० ग्राहक लागतात. हा आकडा दिलात की सूचना हवेतली राहत नाही.

सोबत नोटबुक आणि छोटी `README`. पाठवण्याआधी ज्युपिटरमध्ये `Restart Kernel and Run All Cells` एकदा चालवा. सेल वरखाली करून चालवलेली नोटबुक तुमच्याकडे चालते आणि आमच्याकडे चौथ्या सेलवर बंद पडते. फाइलचा पत्ता `C:\Users\...` असा राहिला असेल तर पहिल्याच सेलवर. `README` मध्ये पॅकेजच्या आवृत्त्या, गृहीतकं आणि प्रत्यक्ष लागलेला वेळ लिहा. सहाचे सात झाले असतील तर सात लिहा, त्याने कुणाचं बिघडत नाही.

पाच-सहा तास म्हणून प्रत्यक्षात वीस तासांचं काम दिलंय असं आज रात्रीच लक्षात आलं, तर त्याच मेलमध्ये ‘सहा तासांत पहिले दोन भाग नीट करून देते, तिसऱ्याचा आराखडा देते’ असं कळवा. चांगली टीम याला हो म्हणते. चालू गिऱ्हाइकाचं खरं काम फुकटात करून घेताहेत असं वाटलं, तर मी तरी सोडून देईन.

काम आवडलं तर पुढच्या फेरीत अर्धा तास याच पानावर बोलणं होतं. तिथे हमखास येणारे प्रश्न दोन: ‘जून का नाही घेतला?’ आणि ‘उद्या कूपन बंद केलं तर काय होईल?’ पहिल्याला तारखांचा हिशेब सांगा. दुसऱ्याला ‘टक्केवारी वाढेल, पण महिन्याला येणारे नवे ग्राहक घटतील आणि परतणाऱ्यांची एकूण संख्या कदाचित कमीच होईल, चाचणीशिवाय सांगता येणार नाही’ असं उत्तर दिलंत तर मी तरी पुढचा प्रश्न पगाराचाच विचारेन.