भक्तिगीत लांबलंय, भाव न गमावता कसं छाटू?

भाव ज्या ओळीत आहे ती आधी वेगळी काढा आणि तिचंच म्हणणं पुन्हा सांगणारी कडवी गाळा. मग भरतीचे शब्द. आठ-आठ अक्षरांच्या छोट्या अभंगात 'रे', 'मी' बहुधा अक्षरसंख्या भरायलाच येतात. समजा ओळ आहे:

पाय थकले रे देवा, तरी करीन मी सेवा

इथे 'देवा-सेवा' हे आयतं यमक आहे, त्याच्यापायी थकलेल्या पायांची खरी गोष्ट विरून जाते. त्याऐवजी:

पाय भेगाळले वाटे, तरी ओढ तुझी दाटे

अक्षरं तेवढीच, पण आता वाट दिसते. मात्र धृपदातली आर्त हाक, 'विठ्ठला रे' सारखी, काढू नका. गाताना आळवणीला तीच लागते.