७ वर्षांनी १ कोटी द्यायचे असतील तर ७ वर्षांचा बाँड का पुरत नाही

प्रश्न: आमच्या छोट्या कंपनीला बरोबर ७ वर्षांनी एकरकमी १ कोटी द्यायचे आहेत. आज पैसे बाजूला काढून ७ वर्षांचा सरकारी बाँड घेतला आणि मुदतीपर्यंत ठेवला की काम झालं ना? सीए म्हणतात ‘मुदत नाही, ड्युरेशन जुळवा’. फरक काय पडतो?

उत्तर:

सीए बरोबर सांगताहेत. मी विमा कंपनीच्या गुंतवणूक विभागात आहे आणि असा हिशोब आमच्याकडे रोजचाच आहे, म्हणून सरळ आकड्यांतच सांगतो. सोयीसाठी बाजाराचा दर सगळ्या मुदतींना ७ टक्के, व्याज वर्षातून एकदा, आणि कर नाही असं धरू.

७ टक्क्यांनी १ कोटीची आजची किंमत होते ६२,२७,४९७ रुपये. तेवढ्याचा ७ वर्षांचा, ७ टक्के कूपनचा, म्हणजे दरवर्षी ७ टक्के ठरलेलं व्याज देणारा बाँड तुम्ही दर्शनी किमतीला घेतलात. वर्षाला ४,३५,९२५ रुपये व्याज येणार आणि शेवटी मुद्दल परत मिळणार. हे आलेलं व्याजही दरवर्षी ७ टक्क्यांनीच गुंतवत गेलात तर सातव्या वर्षी बरोबर १ कोटी होतात. सगळी मेख या ‘तर’मध्ये आहे. खरेदीनंतर लगेच दर ६ टक्क्यांवर आला आणि तिथेच राहिला असं समजा. मुद्दल ठरल्याप्रमाणे मिळेल, पण व्याजावरचं व्याज कमी पडेल आणि हातात ९८,८६,५८१ येतील. म्हणजे १ लाख १३ हजारांची तूट, तीही सरकारी बाँड मुदतीपर्यंत ठेवून! उलट दर वाढला तर तेवढेच, किंबहुना थोडे जास्तच पैसे उरतील. म्हणजे ‘सुरक्षित’ बाँड घेऊनही तुम्ही नकळत व्याजदर वाढण्यावर पैज लावलेली असते.

मग लांबचा घ्यावा का? १५ वर्षांचा घेतलात आणि दर ८ टक्के झाला, तर सातव्या वर्षी त्याची ८ वर्षं अजून बाकी असतात आणि नवे बाँड ८ टक्के देत असल्याने तो दर्शनी किमतीपेक्षा जवळजवळ पावणेसहा टक्के कमी भावाने विकावा लागतो. व्याजाचं व्याज वाढलेलं असतं, पण ते हा खड्डा भरू शकत नाही. एकूण तूट येते २ लाख ४० हजारांची. इथे पैज उलट्या बाजूची आहे.

या दोन टोकांच्या मध्ये एक बाँड असा असतो की दर बदलल्यावर व्याजावर जे मिळतं किंवा जातं, तेच भावात जातं किंवा मिळतं. ७ टक्क्यांच्या आपल्या जगात तो ९ वर्षांचा बाँड आहे. पुन्हा तेच ६२,२७,४९७ रुपये घ्या. दर ८ टक्के झाला तर सात वर्षांत व्याजाची बाजू १,१७,१६९ रुपयांनी वाढते आणि २ वर्षं बाकी असलेला बाँड विकताना १,११,०५३ रुपये कमी येतात. शिल्लक सहा हजार. दर ६ टक्के झाला तर व्याजाच्या बाजूने १,१३,४२० रुपये जातात आणि भावात १,१४,१७४ जास्त मिळतात. शिल्लक साडेसातशे. दोन्हीकडे १ कोटी पूर्ण.

नऊच का, तर त्याचं ड्युरेशन ६.९७ वर्षं आहे म्हणून. बाँडमधून येणारा प्रत्येक पैसा किती वर्षांनी येतो हे बघायचं, त्या पैशाच्या आजच्या किमतीचं वजन लावायचं आणि सरासरी काढायची, ते ड्युरेशन. व्याज आधी येऊ लागतं, म्हणून कूपन देणाऱ्या बाँडचं ड्युरेशन मुदतीपेक्षा नेहमी कमी असतं. ७ वर्षांच्या बाँडचं पावणेसहाच्या जरासं वर येतं. तुमचं देणं मात्र एकरकमी असल्याने त्याचं ड्युरेशन बरोबर ७. ही सरासरी मॅकॉलेने १९३८ साली मांडली. ती देण्याशी जुळवून व्याजदराचा धोका निष्प्रभ करण्याच्या रीतीला ‘इम्युनायझेशन’ हे नाव १९५२ मध्ये फ्रँक रेडिंग्टन या ब्रिटिश विमागणितीने दिलं. त्याच्या अटी तीन: मालमत्ता आणि देणं यांची आजची किंमत सारखी हवी, ड्युरेशन सारखं हवं, आणि मालमत्तेतले पैसे देण्यापेक्षा जास्त पसरलेले हवेत. वरच्या उदाहरणात दोन्ही बाजूंनी थोडं थोडं उरलं ते या तिसऱ्या अटीमुळे.

आता ज्या जागी माणसं हमखास फसतात तिथे थोडा वेळ घालवू. स्क्रीनवर किंवा फंडाच्या फॅक्टशीटमध्ये ‘मॉडिफाइड ड्युरेशन’ असतं. तो आकडा दर १ टक्का हलला तर भाव किती टक्के हलेल हे सांगतो आणि मॅकॉलेच्या आकड्याला १.०७ ने भागून येतो. देण्याच्या तारखेशी जुळवायचा आकडा मॅकॉलेचा. मॉडिफाइड ७ च्या आसपासचा बाँड शोधत गेलात तर १० वर्षांचा हातात पडेल, त्याचं खरं ड्युरेशन ७.५ आहे, आणि दर ८ झाला की ४३ हजारांची तूट येईल. एक्सेलमध्येही दोन वेगळी सूत्रं आहेत: `DURATION` मॅकॉलेचं, `MDURATION` मॉडिफाइड. आपले सरकारी बाँड सहामाही व्याज देतात आणि दिवस ३०/३६० ने मोजतात, म्हणून सूत्र असं लिहा (A1 मध्ये खरेदीची तारीख, A2 मध्ये मुदतीची):

```
=DURATION(A1,A2,7%,7%,2,4)
```

सहामाही व्याजामुळे पैसे थोडे आधी येतात, त्यामुळे ९ वर्षांच्या बाँडचं ड्युरेशन ६.८३ पर्यंत उतरतं आणि १० वर्षांच्याचं ७.३५ येतं. साधारण दोन-तृतीयांश रक्कम नऊच्यात आणि एक-तृतीयांश दहाच्यात टाकली की ७ जुळतं. बरोबर ७ चा एकच बाँड शोधत बसू नका.

दुसरी गोष्ट: ड्युरेशन जुळवलं आणि फाइल बंद केली असं होत नाही. एक वर्ष गेलं की तुमचं देणं ६ वर्षांवर आलेलं असतं, पण ९ वर्षांच्या बाँडला अजून ८ वर्षं बाकी असतात आणि त्याचं ड्युरेशन ६.३९ असतं. आलेलं कूपन त्याच बाँडमध्ये पुन्हा घातलंत तर ही फट वाढत जाते. चौथ्या वर्षाअखेर देणं ३ वर्षांवर असतं आणि पोर्टफोलिओ ४.३९ वर. म्हणजे पुन्हा त्या १५ वर्षांच्या बाँडसारखीच पैज, फक्त लहान. त्याऐवजी पहिल्या वर्षीचं कूपन रोख ठेवलंत तर मिश्र ड्युरेशन ५.९७ होतं, जवळपास बरोबर. दुसऱ्या वर्षाअखेरही कूपनं आखूड ठेवून ५.०४ येतं. एवढ्याने कायम भागत मात्र नाही: चौथ्या वर्षाअखेर ३.३५ होतं आणि तिथे थोडा बाँड विकून आखूड मुदतीचा घ्यावा लागतो. आमच्याकडे दर तिमाहीला आकडा बघतात. तुमच्या आकाराला प्रत्येक कूपनच्या वेळी बघितलंत तरी पुरे. फट पाव वर्षाहून कमी असेल तर हात लावू नका, कारण खरेदी-विक्रीच्या भावातला फरकही आपल्याच खिशातून जातो.

तिसरी गोष्ट जरा खोलातली आहे, पण महाग पडणारी. वरचा सगळा हिशोब सगळ्या मुदतींचे दर एकत्र, सारखेच हलतात असं धरून आहे. बाजार असा आज्ञाधारक नसतो. समजा कोणी सुचवलं की निम्मी रक्कम २ वर्षांच्या झिरो कूपनमध्ये, म्हणजे मधे व्याज न देता शेवटी एकरकमी पैसे देणाऱ्या बाँडमध्ये, आणि निम्मी १२ वर्षांच्या झिरो कूपनमध्ये ठेवा. सरासरी ७ येते, रेडिंग्टनच्या तिन्ही अटी पुऱ्या होतात, आणि दर सारखेच हलले तर हा पोर्टफोलिओ आपल्या ९ वर्षांच्या बाँडपेक्षा जास्त कमावतो. पण रिझर्व्ह बँकेने रेपो दर कापला, आखूड मुदतीचा दर अर्धा टक्का उतरला, आणि त्याच वेळी सरकारी कर्जउभारणीच्या धास्तीने लांब मुदतीचा दर अर्धा टक्का चढला तर? ७ वर्षांचा दर होता तिथेच आहे, म्हणून देण्याची आजची किंमत बदलत नाही. तुमच्या पोर्टफोलिओची मात्र सव्वादोन टक्क्यांनी, म्हणजे सुमारे १ लाख ४० हजारांनी घटते. म्हणून ड्युरेशन जुळलं एवढ्यावर समाधान मानू नका. पैसे देण्याच्या तारखेच्या आसपासच गोळा झालेले असावेत. नऊ-दहा वर्षांची जोडी चालेल, दोन-बाराची नको. तिसऱ्या अटीने जे जास्तीचे चार पैसे मिळतात त्यांच्या मागे लागण्यात, माझ्या मते, तुमच्यासारख्या एकाच देण्याच्या माणसाला काही अर्थ नाही.

याच तर्काने सगळ्यात उत्तम म्हणजे ७ वर्षांचं झिरो कूपन: मधे व्याज नाही, पुन्हा गुंतवायची भानगड नाही. सरकारी बाँडचे कूपन आणि मुद्दल वेगवेगळे करून विकण्याची ‘स्ट्रिप्स’ची सोय आपल्याकडे २०१० पासून आहे. तुमच्या तारखेच्या जवळपासची स्ट्रिप बऱ्या भावात मिळाली तर वरचं बरंचसं विसरा आणि ती घ्या. अडचण मिळण्याचीच आहे. छोट्या रकमेला विकणारा सहज सापडत नाही आणि सापडला तर भावात कापतो.

दोन छोट्या सूचना. व्याजावर कर भरावा लागणार असेल तर करानंतर हातात येणारे आकडे आणि करानंतरचा दर घेऊनच आजची रक्कम आणि ड्युरेशन दोन्ही काढा. रक्कमही वाढेल आणि बाँडही बदलेल. आणि जास्त दराच्या मोहाने खासगी कंपनीचा किंवा कॉल ऑप्शन असलेला बाँड यात आणू नका. दर उतरले की कंपनी तो वेळेआधी परत घेते, आणि नेमकं तेव्हाच तुम्हाला तो हवा असतो.

शेवटच्या वर्षी, देणं वर्षभरावर आलं की उरलेले बाँड टप्प्याटप्प्याने विका आणि देण्याच्या तारखेच्या आठवडाभर आधी संपणाऱ्या ट्रेझरी बिलात पैसे आणा. बिलाची मुदत तारखेच्या पलीकडे जाणार नाही एवढं फक्त बघा.