सिगारेट सोडताना पॅच, गम की गोळी?

प्रश्न: रोज १६-१७ सिगारेटी होतात. सोडायच्या आहेत. निकोटिनचा पॅच घेऊ, गम घेऊ की चघळायची गोळी? डोस कसा ठरवायचा? आणि दोन्ही एकत्र घेतलेलं चालतं का?

बेळगावात उद्यमबागेच्या वाटेवर माझं मेडिकल आहे, त्यामुळे हा प्रश्न काउंटरवर नेहमी येतो. एकत्र घेतलेलं चालतं. तुमच्याइतकं ओढणाऱ्याने खरं तर तसंच घ्यावं: अंगावर पॅच, आणि तलफ आली की वरून गम किंवा गोळी. अनेक चाचण्यांचा एकत्रित हिशेब केला तेव्हा एकट्या प्रकारापेक्षा अशी जोडी घेणाऱ्यांमध्ये सोडून टिकणारे साधारण पाव पटीने जास्त निघाले.

माझ्या एका गिऱ्हाइकाचं सांगतो. फौंड्रीत सुपरवायझर, रोज १८ सिगारेटी, पहिली उठल्यावर दहा मिनिटांत. दोन आठवड्यांनी गमचं अर्धं पाकीट परत घेऊन आले. "मी खाल्लो की रोज चार-चार, काय फरक न्हाई बघा." विचारलं, कुठला? २ मिलिग्रॅमचा. तिथेच घोटाळा होता.

एका सिगारेटीतून शरीरात साधारण १ मिलिग्रॅम निकोटिन जातं. २ मिलिग्रॅमच्या गममधून नीट चघळला तरी जेमतेम तेवढंच रक्तात पोचतं, बाकीचं गममध्ये राहतं किंवा थुंकीबरोबर पोटात जातं. म्हणजे अठरांच्या जागी चार. माणूस चिडणार, कामगारांवर ओरडणार आणि संध्याकाळी टपरीवर जाणारच. लोक निकोटिन जास्त होईल म्हणून घाबरतात, पण माझ्याकडे येणारे बहुतेक जण कमी घेतात म्हणून हरतात.

म्हणून मुख्य आधार पॅचचा. दिवसाला १० पेक्षा जास्त सिगारेटी असतील तर २१ मिलिग्रॅमचा, १० किंवा त्याहून कमी असतील तर १४ चा. तो २४ तास सावकाश निकोटिन सोडतो, म्हणजे या सुपरवायझरांच्या अठरांचा बराचसा हिशेब तिथेच भागतो. पण पॅचला रंग चढायला दोन-चार तास लागतात, आणि चहाच्या टपरीवर अचानक उसळणारी तलफ त्याला आवरत नाही. त्या वेळेसाठी गम किंवा गोळी.

त्यांची ताकद ठरवताना सिगारेटींच्या आकड्यापेक्षा पहिली सिगारेट कधी लागते ते बघा. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर ४ मिलिग्रॅम, नंतर लागत असेल तर २. निपाणीकडचे बिडीवाले विचारतात, आम्ही मोजतच नाही, मग काय करू? त्यांनाही हीच खूण सांगतो. मात्र ही ताकद गम किंवा गोळी एकटी घेणाऱ्यांसाठी. पॅच सोबत असेल तर बहुतेकांना २ ची पुरते. सुपरवायझरांना मी २१ चा पॅच आणि २ चा गम सुचवला, त्यांच्या डॉक्टरांनीही तेच लिहून दिलं. सुरुवातीला रोज सहा-सात गम लागले. २ चा गम चिठ्ठीशिवाय मिळतो, ४ साठी चिठ्ठी आणा.

आता चघळण्याचं. हे आपल्या भागात समजवायला सोपं आहे, कारण तंबाखू मळणारा कुणीही हे जाणतो. तंबाखूत चुना का घालतात? चुन्याने तोंड अल्कली होतं आणि निकोटिन गालातून झटकन आत जातं. गममध्ये हेच काम करणारा क्षार आधीच घातलेला असतो. म्हणून तो साध्या च्युइंगमसारखा दातांनी रगडू नका. सावकाश आठ-दहा वेळा चावा, तिखट झणझणी आली की थांबा आणि चिमूट दाबता तसा गाल-हिरडीच्या मध्ये दाबून ठेवा. झणझणी विझली की पुन्हा थोडं चावा, जागा बदला. एक गम अर्धा तास पुरतो. उचकी लागली, छातीत जळजळलं, मळमळलं तर समजा की भराभर चावून थुंकी गिळताय. पोटात गेलेलं निकोटिन लिव्हरमध्येच बरंचसं निकामी होतं, त्यामुळे तलफ जात नाही आणि पोट तेवढं बिघडतं. कॉफी, सोडा, लिंबू सरबत, ताक ही आंबट किंवा आम्लयुक्त पेयं तोंडाचा तो क्षार मारतात. आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असेपर्यंत पाण्याशिवाय काही नको.

दात हलत असतील, कवळी असेल किंवा जबडा दुखत असेल तर गमऐवजी गोळी घ्या. ती चावायची नाही, गिळायची नाही, वीस-तीस मिनिटं तोंडात फिरवत विरघळवायची. तेवढ्याच मिलिग्रॅमच्या गमपेक्षा ती थोडं जास्त निकोटिन देते. दिवसाला गोळ्या २० च्या आणि गम २४ च्या वर जाऊ नयेत. पॅच असताना तिथपर्यंत जायची वेळ सहसा येत नाही.

सुपरवायझरांची पुढची तक्रार वेगळीच होती. दुपारी भट्टीजवळ डोकं गरगरायचं, छाती धडधडायची. पॅच दंडावर होता आणि भट्टीच्या धगीला समोर होता. उष्णतेने त्वचेतला रक्तप्रवाह वाढतो आणि पॅचमधून निकोटिन जास्त वेगाने आत जातं. पॅच पाठीवर, खांद्याच्या खाली लावायला सांगितला, घाम पुसून, केस नसलेल्या कोरड्या त्वचेवर. रोज जागा बदलायची. मळमळ, गार घाम, धडधड म्हणजे जास्त झालं. चिडचिड, अस्वस्थपणा, सारखी भूक म्हणजे कमी पडतंय. रात्री भलती स्वप्नं पडू लागली तेव्हा झोपताना पॅच काढून ठेवला आणि सकाळी नवीन लावताच एक गम, कारण पॅच चढेपर्यंतचे ते तास सगळ्यात कठीण. डोस कमी करायचा म्हणून पॅच कात्रीने कापू नका, कमी ताकदीचा घ्या. आणि मध्येच एखादी सिगारेट ओढली गेली तर पॅच ओरबाडून टाकायची गरज नाही, तो राहू द्या.

२१ चा सहा आठवडे, मग १४ चा दोन, ७ चा दोन. त्यांचा गम त्यानंतरही महिनाभर खिशात होता, शेवटी दिवसाला एकावर आला. अलीकडेच हार्ट अटॅक आला असेल, हृदयाचे ठोके गंभीर बिघडलेले असतील किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच सुरू करू नका. दम्यासाठी थिओफिलीन चालू असेल तरी सांगा: धुराने ते शरीरातून लवकर निघून जात असतं, धूर बंद झाला की रक्तात साठू लागतं. पॅच धुराचं ते काम करत नाही. चहा-कॉफीतल्या कॅफिनचंही तसंच, म्हणून पहिल्या आठवड्यात कप निम्मे करा. नाहीतर झोप उडेल ती कॅफिनमुळे आणि शिव्या बसतील पॅचला.