मुलाला शाळेतून काढून ओपन स्कूलिंगमधून दहावी : आमचा अनुभव

"मुलाला नववीतून काढून ओपन स्कूलमधून दहावी करायची आहे. काय करावं लागतं? पुढे अडचण येते का?" असा प्रश्न पडलेल्या पालकांसाठी आमचा अनुभव सांगतो.

आमचे दाजी शिक्षक आहेत. ते अजूनही म्हणतात, "बाहेरून दहावी केली म्हणजे पोरावर शिक्का बसला." त्यांना १७ नंबर आणि ओपन स्कूल एकच वाटतं. १७ नंबरच्या फॉर्मवर विषय आणि पेपर स्टेट बोर्डाचेच, फक्त वर्गात बसायचं नाही. एनआयओएस म्हणजे केंद्र सरकारचं ओपन स्कूल बोर्ड, आम्ही तिथूनच दहावी केली. त्यात पाच विषय आपण निवडतो, त्यात एक तरी भाषा हवी. गणित सक्तीचं नाही.

आमचं सगळं गणितावरच अडलं होतं. पोरगा फळ्यावरचे ५२ वहीत २५ लिहायचा. गणिताच्या तासाआधी पोट दुखायचं. नववीच्या सहामाहीनंतर शाळेनं मला बोलावून सांगितलं, "याला दहावीला आमच्याकडून बसवू नका." शाळेला शंभर टक्क्यांचा बोर्ड गेटवर लावायचा होता. मी उदगीरला दुकान चालवतो, भांडायला वेळ नव्हता. टीसीच मागितली.

टीसी हातात आली की तिथेच उभं राहून वाचा. आमच्या टीसीवर आईचं नाव एक आणि आधारवर दुसरंच. दुरुस्तीसाठी तीन चकरा झाल्या. फॉर्ममध्ये जे नाव जाईल तेच गुणपत्रिकेवर छापून येतं, म्हणून आधी हे निस्तरा. वय १४ पूर्ण हवं. फॉर्म nios.ac.in वर स्वतः भरा. "घरबसल्या पास" म्हणणाऱ्या एजंटाला उभं करू नका. आम्ही मराठी, इंग्रजी, सामाजिक शास्त्र, गृहविज्ञान आणि डेटा एंट्री घेतलं. दाजी गृहविज्ञानावर हसले. हसू द्या.

चूक आमची टीएमएमध्ये झाली. हे घरी लिहून द्यायचे स्वाध्याय, त्यांना २० टक्के गुण असतात. आम्ही ते परीक्षेच्या तोंडावर करू म्हणून ठेवले, मुदत निघून गेली. त्या पहिल्या खेपेला इंग्रजी राहिलं. पण परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरला होते, आणि पास झालेले विषय पुन्हा द्यावे लागत नाहीत. नोंदणी पाच वर्षं चालते. त्याने ऑक्टोबरला फक्त इंग्रजी दिलं.

अकरावी आर्ट्सच्या प्रवेशाला क्लार्कने विचारलं, "हे कोणतं बोर्ड?" गुणपत्रिकेसोबत आलेलं मायग्रेशन सर्टिफिकेट पुढे केलं, मग त्याने शिक्का मारला. त्याची मूळ प्रत जपून ठेवा.

हो, पोराला डिप्लोमा किंवा इंजिनीअरिंग करायचं असेल तर गणित सोडू नका, पुढे अडचण येऊ शकते. आणि बारावीही एनआयओएसमधूनच करणार असाल तर दहावी आणि बारावीत दोन वर्षांचं अंतर लागतं. दाजींना हे दोन मुद्दे माहीत असते तर मी त्यांचं ऐकलंही असतं.