एकोणीस वर्षांच्या मैत्रिणीला शेवटचा मेसेज

प्रश्न: अकरावीपासूनची मैत्रीण आहे, एकोणीस वर्षं झाली. माझं मिसकॅरेज झालं ते मी फक्त तिला सांगितलं होतं. तिने ते हळदीकुंकवाला माझ्या जावेला सांगितलं. फोनवर बोललो, ती सॉरी म्हणाली, मी रडले आणि मीच ‘जाऊ दे’ म्हटलं. मार्चमध्ये नवऱ्याची नोकरी गेल्याचंही तसंच बाहेर गेलं. मी ही मैत्री थांबवायचं ठरवलंय. पण बारावीला बाबा दवाखान्यात होते तेव्हा हीच रोज डबा आणायची, म्हणून हात थांबतो. हा मेसेज कसा वाटतो?

‘प्रिय सखी, गेले काही दिवस मी आत्मपरीक्षण करत आहे. आपली मैत्री आता माझ्यासाठी निरोगी राहिलेली नाही असे मला जाणवले आहे. विश्वास हा प्रत्येक नात्याचा पाया असतो आणि तू तो नेहमीच तोडत आलीस. मला माझ्या सीमारेषा जपणे गरजेचे आहे. सध्या मला थोडा वेळ हवा आहे. एकत्र घालवलेल्या क्षणांबद्दल आभार. पुढील वाटचालीस शुभेच्छा.’

उत्तर: शेवटच्या ओळीपासून सुरुवात करते. ‘पुढील वाटचालीस शुभेच्छा’ आपण बदली झालेल्या साहेबांना निरोपसमारंभात म्हणतो. एकोणीस वर्षांच्या मैत्रिणीला ती ओळ थप्पड लागेल, आणि तुमच्या मनात ते नाही.

हा मेसेज मोठ्याने वाचून बघा. ‘जाणवले आहे’, ‘जपणे गरजेचे आहे’. तिच्याशी तुम्ही आजवर कधी असं बोललात? तुमचं लिहिणं ‘जाणवलं’, ‘करतेय’, ‘अगं’ असंच असणार. मराठीत ‘वाटलं’चं ‘वाटले’ झालं की घरातलं बोलणं संपून कार्यालयाचं पत्र सुरू होतं, आणि वाचणाऱ्याला ते पहिल्या शब्दातच कळतं. ‘सखी’, ‘सीमारेषा’, ‘निरोगी’ हे सगळं त्याच पत्रातलं. तिला वाटेल की हे कुणीतरी लिहून दिलंय.

मोठी अडचण मात्र वेगळी आहे. तुम्ही मला चार वाक्यांत जे सांगितलंत, ते मेसेजमध्ये कुठेच नाही. जाऊ नाही, हळदीकुंकू नाही, मार्च नाही. त्या जागी ‘नेहमीच’ आहे. ‘नेहमीच’ म्हटलं की समोरची व्यक्ती एकोणीस वर्षांतल्या ज्या ज्या वेळी तिने गुपित राखलं त्या आठवते आणि तुम्हाला खोटं ठरवते, आणि ती चुकीचीही नसते. दोन घटना घडल्या आहेत, त्या दोनच लिहा. यादी वाढवू नका. पाचवी-सहावी जुनी तक्रार आली की ते खटल्यासारखं वाचलं जातं आणि क्रूरपणा तिथूनच शिरतो. तिचा स्वभाव कसा आहे हेही तुम्ही सांगायला नको. काय झालं आणि त्यानंतर तुमचं काय झालं, एवढंच तुम्हाला नक्की ठाऊक आहे.

आता ‘थोडा वेळ हवा आहे’. हे मीही एकदा एका मैत्रिणीला लिहिलं होतं, बरं वाटावं म्हणून. ठरवलं होतं कायमचं थांबायचं, लिहिलं ‘थोडा ब्रेक’. ती वाट बघत थांबली. दिवाळीला तिने फोन केला, मग माझ्या वाढदिवसाला, मग पुढच्या संक्रांतीला, प्रत्येक वेळी ‘आता बरी आहेस का?’ असं विचारत. मी तिला आठ महिने उंबऱ्यात उभं केलं. कठोर शब्दाने तिला जेवढं लागलं असतं त्याहून जास्त त्या मऊ शब्दाने लागलं. ठरलं असेल तर ‘थांबवतेय’ असंच लिहा. ठरलं नसेल तर हा मेसेज आज पाठवूच नका.

तुमच्याच गोष्टी आणि शक्य तिथे तुमचेच शब्द घेऊन मी असा लिहिला असता:

> अगं, खरं तर हे फोनवर बोलायला हवं. पण मागच्या वेळी फोनवर मी रडले आणि मीच ‘जाऊ दे’ म्हणून मोकळी झाले. म्हणून या वेळी लिहितेय.
>
> मिसकॅरेजचं मी फक्त तुला सांगितलं होतं. ते जावेपर्यंत पोचलं तेव्हा फार लागलं. तू सॉरी म्हणालीस ते मला खरं वाटलं होतं, आजही वाटतं. पण मार्चमध्ये ह्याच्या नोकरीचंही तसंच झालं. आता तुझा फोन आला की काय सांगायचं आणि काय नाही, हे मी आधी मनात ठरवते. तुझ्याशी असं जपून बोलणं मला जमत नाही.
>
> म्हणून आपली मैत्री मी इथे थांबवतेय. रागाच्या भरात नाही, मार्चपासून विचार करून. यापुढे मी फोन करणार नाही, आणि तुझा आला तर उचलणार नाही.
>
> बाबा दवाखान्यात होते तेव्हा तू रोज डबा आणायचीस, ते मी विसरलेले नाही. ते वेगळं आहे आणि ते तसंच राहील.
>
> तुला काही लिहावंसं वाटलं तर लिही, मी नक्की वाचेन. त्यावर मोठं उत्तर देणार नाही, एवढं आधीच सांगते.

‘आधी मनात ठरवते’ हे वाक्य मी अंदाजाने लिहिलंय. तुमचं तसं होत नसेल तर जे होतं ते लिहा, पण ती एक ओळ ठेवा. सगळा मेसेज तिच्यावर उभा आहे.

डब्याची जागा मात्र बदलू नका. सुरुवातीला ठेवलात तर तिला पुढचा ‘पण’ दिसायला लागेल आणि डबा गोड बोलण्यापुरता उरेल. अगदी शेवटी ठेवलात तर दार किलकिलं राहिल्यासारखं वाटेल. निर्णय सांगून झाल्यावर तो आला की त्यातून काही मागायचं उरलेलं नसतं, म्हणून तो खरा वाटतो.

मेसेज व्हॉट्सअ‍ॅपच्या खिडकीत लिहू नका. तिने चॅट उघडलं असेल तर तुम्ही ‘टायपिंग’ करताय हे तिला दिसत राहील. नोट्समध्ये लिहा, दोन रात्री ठेवा, मग एकाच मेसेजमध्ये पाठवा. तुकड्या-तुकड्यांत पाठवलात तर तिसऱ्या तुकड्याआधीच तिचा फोन येईल. पहिली ओळ बंद स्क्रीनवर दिसते हेही लक्षात घ्या. निर्णय तिथे नको, ती ऑफिसात किंवा मुलांसमोर असू शकते. सुट्टीच्या दिवशी दुपारी पाठवा. रात्री अकराला नको, सणाच्या किंवा तिच्या वाढदिवसाच्या आठवड्यात नको.

तिचं उत्तर येईपर्यंत ब्लॉक करू नका, ‘वाचेन’ असं तुम्ही लिहिलंय. रागाचं उत्तर आलं, ‘जावेला दुसऱ्या कुणी सांगितलं’ असं आलं किंवा भरभरून माफी आली, तरी एकदाच लिहा: ‘वाचलं गं. माझं म्हणणं तेच आहे.’ त्यानंतर ती रोज फोन करू लागली किंवा घरी येऊ लागली, तर ब्लॉक करायला हरकत नाही.

अकरावीचा एखादा ग्रुप असेलच, तिथून लगेच बाहेर पडू नका. आणि कुणी कितीही खोदून विचारलं तरी या मेसेजचा स्क्रीनशॉट कुणाला देऊ नका. ‘आमचं बोलणं थांबलंय’ एवढंच सांगा. तिने तुमची गोष्ट बाहेर नेली म्हणून तुम्ही थांबताय, तिची गोष्ट तुमच्याकडून बाहेर जायला नको.