पार्सेकमधला ‘सेकंद’ घड्याळातला नाही

प्रश्न: प्रकाशवर्ष, पार्सेक आणि खगोलीय एकक हे तिन्ही शब्द अंतरासाठीच आहेत ना? मग तीन कशाला? आणि ‘वर्ष’, ‘सेकंद’ हे काळाचे शब्द अंतराला का चिकटलेत? खगोलशास्त्रज्ञ यातला कोणता, कधी वापरतात?

उत्तर: ‘वर्ष’ खरोखरच काळाचं आहे, ‘सेक’ मात्र नाही. इंग्रजीत कोनाच्या एका अंशाचे साठ भाग केले की त्यांनाही मिनिटं म्हणतात आणि त्या मिनिटाच्या साठाव्या भागाला सेकंद. आपल्याकडे यासाठी कला आणि विकला हे वेगळे शब्द असल्यामुळे हा घोटाळा मुळात होत नाही. ‘पार्सेक’ मराठीत घडला असता तर त्यात विकला आली असती आणि तुम्हाला ही शंका आली नसती. शब्दाचा पहिला तुकडा ‘पॅरॅलॅक्स’चा, म्हणजे पराशयाचा. ज्या ताऱ्याचा पराशय एक विकला भरतो, त्याचं अंतर एक पार्सेक.

आता पराशय म्हणजे काय, ते एका खऱ्या ताऱ्यावरून पाहू. हंस तारकासमूहात ‘६१ सिग्नी’ नावाचा अंधुक जोडतारा आहे. तो इतर ताऱ्यांच्या तुलनेत आकाशात फार भरभर सरकतो, म्हणून तो जवळचा असणार असा तर्क करून जर्मन खगोलशास्त्रज्ञ फ्रीडरिख बेसेल यांनी तो मोजायला घेतला. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, त्यामुळे वर्षभरात आपली पाहण्याची जागा बदलते आणि जवळचा तारा मागच्या दूरच्या ताऱ्यांच्या तुलनेत किंचित मागेपुढे झालेला दिसतो. सहा महिन्यांत जो हेलकावा दिसतो, त्याचा निम्मा म्हणजे पराशय. निम्मा अशासाठी, की पाया म्हणून पृथ्वी-सूर्य अंतर धरायचं, कक्षेचा पूर्ण व्यास नाही. हे निम्मं करायचं राहिलं की पराशय दुप्पट होतो आणि तारा आहे त्याच्या निम्म्या अंतरावर येऊन बसतो. नवशिक्यांची ही हमखास चूक.

बेसेल यांनी १८३८ साली ०.३१ विकला हे मूल्य जाहीर केलं. आजचं मूल्य ०.२८६ विकला आहे. एक भागिले ०.२८६ केलं की उत्तर ३.५ येतं, म्हणजे हा तारा ३.५ पार्सेकवर. बस, एवढंच गणित. पार्सेकचा जन्मच या सोयीसाठी झाला: दुर्बिणीतून मिळालेला कोन उलटा केला की अंतर हातात.

यात किलोमीटर कुठेही आले नाहीत, हे लक्षात घ्या. एक पार्सेक म्हणजे सुमारे २,०६,२६५ खगोलीय एककं आणि एक खगोलीय एकक म्हणजे पृथ्वी-सूर्याचं सरासरी अंतर, ढोबळमानाने १५ कोटी किलोमीटर. म्हणजे ६१ सिग्नी साधारण ७ लाख २१ हजार एककांवर आहे. हे डोळ्यांसमोर आणायचं तर पृथ्वी आणि सूर्य एक मिलिमीटर अंतरावर ठेवा. मग तो तारा ७२१ मीटरवर येतो. तिथून त्या एका मिलिमीटरचा जो कोन दिसेल, तोच ०.२८६ विकला. बेसेल यांनी हा कोन मोजला तेव्हा खगोलीय एकक किती किलोमीटरचं, हे आजच्या अचूकतेने कुणालाच माहीत नव्हतं. त्या आकड्यात नंतर दुरुस्त्या होत राहिल्या, पण त्यामुळे ताऱ्याचं पार्सेकमधलं अंतर बदलायचं कारण नव्हतं. २०१२ साली आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघाने एककाची लांबी १४,९५,९७,८७०.७ किलोमीटर अशी कायमची ठरवून टाकली.

‘पार्सेक’ हा शब्द बराच उशिरा, १९१३ मध्ये आला. या एककाला नाव हवं असं लिहिताना ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रँक डायसन यांनी ‘अ‍ॅस्ट्रॉन’चा विचार मांडला, चार्लियर यांच्या ‘सिरिओमीटर’चा उल्लेख केला आणि टर्नर ‘पार्सेक’ सुचवतात असंही नोंदवलं. टिकला तो टर्नर यांचा शब्द. मला विचाराल तर तिघांत तोच कानाला सर्वांत रुक्ष, पण मोजायची रीत नावातच सांगणाराही तोच.

प्रकाशवर्ष म्हणजे प्रकाश एका वर्षात कापतो ते अंतर; त्याचं मात्र मोजमापाशी असं थेट नातं नाही. प्रकाशाला सूर्यापासून आपल्यापर्यंत यायला ४९९ सेकंद लागतात. याला ७,२१,००० ने गुणून वर्षं काढली की ११.४ येतात, म्हणून ६१ सिग्नी ११.४ प्रकाशवर्षांवर. थोडक्यात, एक पार्सेक म्हणजे ३.२६ प्रकाशवर्षं. ऐकणाऱ्याला ‘आज दिसणारा प्रकाश अकरा वर्षांपूर्वी निघाला’ हे लगेच कळतं, म्हणून लेखांत आणि भाषणांत प्रकाशवर्षच बरं. संशोधनातही प्रकाशाच्या प्रवासाचा वेळ हाच मुद्दा असेल तिथे हे माप कामाला येतं. एखाद्या क्वेसारचं, म्हणजे दूरच्या दीर्घिकेच्या अतितेजस्वी केंद्राचं, तेज एका दिवसात लक्षणीय बदललं, तर प्रकाश देणारा भाग ढोबळमानाने एका प्रकाशदिवसाहून मोठा नसावा, असा अंदाज बांधतात. पण ‘कित्येक प्रकाशवर्षांपूर्वी’ असं लिहू नका. ते ‘कित्येक किलोमीटरपूर्वी’ म्हटल्यासारखं होतं.

खगोलीय एकक वापरतात ते एखाद्या ताऱ्याच्या घरच्या मापांसाठी: ग्रहांच्या कक्षा, दुसऱ्या ताऱ्यांभोवतीचे ग्रह, जोडताऱ्यांमधलं अंतर. इथे पार्सेकशी त्याची जोडी सुरेख जमते. समजा, दहा पार्सेकवरच्या जोडीतले दोन तारे आकाशात २० विकला अंतरावर दिसतात. दहा गुणिले वीस, म्हणजे दोघांमध्ये किमान २०० खगोलीय एककं. ‘किमान’ अशासाठी, की जोडी आपल्या दृष्टिरेषेत तिरकी असेल तर खरं अंतर जास्त असतं. हेच प्रकाशवर्षांत करायचं तर मध्ये ३.२६ घुसडावा लागतो.

पार्सेकच्या सोयीला मर्यादाही आहे. दूरच्या ताऱ्याचा पराशय इतका लहान होतो की मोजणीतली चूक त्याच्या जवळ जाते. पराशय ०.५ मिलिविकला (विकलेचा हजारावा भाग) आणि चूक ०.२५ इकडेतिकडे, असं धरा. मधलं उत्तर २,००० पार्सेक, पण एका टोकाला १,३३३ आणि दुसऱ्या टोकाला ४,०००! चूक दोन्ही बाजूंना सारखी असली तरी उलटं केल्यावर ती लांबच्या बाजूला फुगते. गाइया उपग्रहाच्या यादीत तर काही ताऱ्यांचे पराशय उणे आहेत. तारा उणे अंतरावर असू शकत नाही, तेव्हा तिथे चूक मापापेक्षा मोठी आहे हे लगेच ओळखावं आणि भागाकार करूच नये.

त्याहून दूरची अंतरं पराशयाने मिळत नाहीत, ताऱ्यांच्या तेजासारख्या इतर खुणांवरून काढावी लागतात. पण माप पार्सेकचंच राहतं, फक्त हजाराने किंवा दहा लाखांनी वाढवलेलं. आकाशगंगेचं केंद्र आपल्यापासून सुमारे ८ किलोपार्सेक, देवयानी दीर्घिका पाऊण मेगापार्सेकच्या आसपास. विश्वाच्या प्रसरणाचा वेग सांगणारा हबल स्थिरांकही दर मेगापार्सेकमागे सेकंदाला किती किलोमीटर, असाच सांगतात. त्या वाक्यातला सेकंद मात्र घड्याळातला.