आंब्याचे पैसे करमुक्त, तरी कर का वाढतो?

तू ठाण्यात नोकरी करतोस आणि देवगडच्या बागेचे आंबे विकतोस. ते उत्पन्न करमुक्त आहे, हे खरंच. पण खर्च वजा जाता शेतीचे 5,000 रुपयांच्या वर राहिले आणि बाकीचं उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या पुढे गेलं, की शेतीचा आकडा कराचा दर ठरवताना धरतात.

2025-26 ची नवी करप्रणाली घे. प्रमाणित वजावटीनंतर पगार 15 लाख, बागेचे निव्वळ 3 लाख. आधी 18 लाखांवर कर काढायचा: 1,60,000. मग शेतीचे 3 लाख अधिक करमुक्त मर्यादेचे 4 लाख, म्हणजे 7 लाखांवरचा: 15,000. वजाबाकी 1,45,000. नुसत्या पगारावर 1,05,000 झाला असता. म्हणजे 40,000 वाढले, वर 4 टक्के सेस.

हे कंपनीला सांगितलं नसेल तर टीडीएस कमी कापला जातो. फरक 10,000 किंवा जास्त असेल तर आगाऊ कर भर, नाहीतर व्याज लागतं. आणि ऑफिसात सगळे भरतात तो आयटीआर-1 तुला चालणार नाही, आयटीआर-2 घे. खत, फवारणी, मजुरीच्या पावत्या जपून ठेव. मजुरीचीच बहुतेकांकडे नसते.